बायरचं पेमेंट लांबलं, फॉरवर्डची तारीख आली: रोलओव्हर करायचा की कॅन्सल?

प्रश्न: आमची कोल्हापूरला छोटी फाउंड्री आहे, अमेरिकेतल्या एका बायरला कास्टिंग्ज पाठवतो. त्याच्याकडून ३० जूनला २ लाख डॉलर यायचे होते म्हणून डिसेंबरमध्येच ८६.५० ला फॉरवर्ड बुक केला होता. आता बायर म्हणतो सप्टेंबर एंडला देतो. डॉलर ८८ वर गेलाय आणि बँकवाला म्हणतो रोलओव्हर करायचा तर आत्ता ३ लाख १० हजार भरा. आमचे पैसेच आले नाहीत तर तोटा कसला भरायचा? जुन्याच रेटवर तारीख पुढे ढकलता येत नाही का? आणि समजा त्याने ऑर्डरच कॅन्सल केली तर काय?

उत्तर:

जुन्या रेटवर तारीख पुढे नाही ढकलता येत. पूर्वी एके काळी तसं चालायचं, आता बँकेला ती परवानगीच नाही, त्यामुळे मॅनेजरशी कितीही जुनी ओळख असली तरी यात काही होणार नाही. ज्याला आपण रोलओव्हर म्हणतो ते खरं तर दोन व्यवहार असतात, जुना काँट्रॅक्ट आजच्या रेटने कॅन्सल आणि नवा काँट्रॅक्ट आजच्या फॉरवर्ड रेटने बुक. ३ लाख १० हजार हा त्यातल्या फक्त पहिल्या व्यवहाराचा हिशोब आहे, आणि बँकेतून फोन येतो तो तेवढ्याचाच येतो, दुसऱ्या अर्ध्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून माणूस घाबरतो.

आधी तोटा कसला ते बघू. तुम्ही डिसेंबरमध्ये बँकेला २ लाख डॉलर ३० जूनला द्यायच्या बोलीवर ८६.५० ने विकलेत. बँकेने ते त्याच दिवशी पुढे बाजारात विकून टाकले, ती तुमच्यासाठी पोझिशन उघडी ठेवून बसत नाही. आता ३० जूनला तुम्ही डॉलर देणार नाही म्हणताय, पण बँकेला पुढच्याला द्यायचेच आहेत. मग ती बाजारातून आजच्या भावाने विकत घेणार आणि तुमच्या नावावर टाकणार. म्हणजे तुम्ही ८६.५० ला विकलेला माल ८८.०५ ला परत विकत घेताय. बाजारभाव ८८ आणि वर ५ पैसे बँकेचं मार्जिन. फरक दीड रुपया आणि वर ५ पैसे, गुणिले २ लाख, झाले ३,१०,०००. बायरने पैसे दिले की नाही याच्याशी या हिशोबाचा काही संबंध नाही, फॉरवर्ड हा तुमचा बँकेशी केलेला करार आहे, बायर त्यात पार्टीच नाही.

आता दुसरा अर्धा भाग. त्याच क्षणी तुम्ही ३० सप्टेंबरचा नवा फॉरवर्ड बुक करता. स्पॉट म्हणजे आजचा बाजारभाव ८८, तीन महिन्यांचं प्रीमियम, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरला त्यावर मिळणारा जास्तीचा भाव, समजा ४५ पैसे (हा आकडा उदाहरणाला घेतलाय, त्या दिवशीचा बघून घ्या), त्यातून बँकेचे ५ पैसे गेले, तुम्हाला मिळाला ८८.४०. सप्टेंबरमध्ये बायरने पैसे दिले की तुमच्या खात्यात १ कोटी ७६ लाख ८० हजार येणार. त्यातून आज भरलेले ३ लाख १० हजार वजा करा, उरले १ कोटी ७३ लाख ७० हजार. भागिले २ लाख, म्हणजे डॉलरला ८६.८५.

मूळ रेट किती होता? ८६.५०. म्हणजे ३५ पैसे जास्तच मिळाले. हे ३५ कुठून आले तर ४५ पैसे प्रीमियम वजा दोन वेळचं ५-५ पैशांचं मार्जिन. आज भरलेल्या रकमेवर तीन महिन्यांचं सीसीचं व्याज धरा, १० टक्क्याने पावणेआठ हजार, म्हणजे डॉलरमागे साधारण ४ पैसे. तरी ८६.८१ पडतात. रोलओव्हरने तुमचा रेट गेलेला नाही, तो आहे तसाच पुढे सरकलाय.

उलटं करून बघा, म्हणजे पटेल. समजा डॉलर ८८ ऐवजी ८५ वर असता. मग कॅन्सल ८५.०५ ला झाला असता आणि तुम्हाला बँकेकडूनच २ लाख ९० हजार मिळाले असते. नवा फॉरवर्ड ८५.४० ला, सप्टेंबरमध्ये १ कोटी ७० लाख ८० हजार, अधिक आज मिळालेले २ लाख ९०, बेरीज परत १ कोटी ७३ लाख ७० हजारच. डॉलर कुठेही जाऊ दे, उत्तर ८६.८५ च येतं. एक्सपोर्टरला रोलओव्हरमध्ये प्रीमियम मिळतं कारण रुपया फॉरवर्डमध्ये डॉलरपुढे स्वस्त असतो. इम्पोर्टरचं नेमकं उलटं, त्याला हेच ४५ पैसे खिशातून जातात आणि वर मार्जिन, म्हणजे ८६.५० ला डॉलर घेऊन ठेवलेल्या इम्पोर्टरचं पेमेंट तीन महिने लांबलं तर त्याला ते ८७.०५ ला पडतात. तुमच्या ओळखीत कोणी मशीन मागवणारा असेल आणि तो म्हणाला की रोलओव्हरमध्ये मार खाल्ला, तर तोही खोटं बोलत नाहीये.

मग त्रास कुठे आहे? त्रास कॅशचा आहे. ३ लाख १० हजार आत्ता जाणार आणि त्याची भरपाई सप्टेंबरमध्ये येणार, आणि नेमक्या त्याच वेळी बायरचे पावणेदोन कोटीही आलेले नाहीत. सीसी लिमिट आधीच काठोकाठ भरलेलं असतं, पिग आयर्नवाल्याचं बिल थांबलेलं असतं, आणि अशात बँक खात्याला ३ लाख डेबिट टाकते. ती रक्कम लिमिटच्या वर गेली की खातं ओव्हरड्रॉन दिसतं, आणि ते तसंच राहिलं की रेटिंगपासून रिन्यूअलपर्यंत सगळीकडे प्रश्न विचारले जातात. म्हणून बायरचा उशिराचा मेल आला की पहिला फोन ब्रँचला करायचा आणि सांगायचं की अमुक तारखेला रोलओव्हर आहे, अंदाजे एवढं डेबिट येईल, त्याची सोय काय. डॉलरच्या फोरकास्टचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. मॅच्युरिटीच्या दिवशी दुपारी सांगितलंत तर कोणीच काही करू शकत नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण बहुतेक लोकांचे खरे पैसे जिथे जातात ती गोष्ट. कॅन्सल आणि रीबुक हे दोन वेगवेगळे डील म्हणून करू देऊ नका. सकाळी अकराला कॅन्सल, मग साहेब मीटिंगमध्ये, मग तीनला रीबुक, मधल्या चार तासांत डॉलर १५ पैसे खाली आला तर तुमचे ३० हजार गेले, आणि ते गेलेले तुमच्या लक्षातही येणार नाहीत कारण दोन वेगळ्या स्लिपा आहेत. स्पष्ट सांगायचं की मला स्वॅप पाहिजे, म्हणजे कॅन्सल आणि रीबुक एकाच डीलमध्ये, दोन्ही लेगना एकच स्पॉट रेट लावा, जूनचा लेग विकत घ्या आणि सप्टेंबरचा विका, फक्त प्रीमियमचे पैसे आणि तुमचं मार्जिन किती ते सांगा. एकच स्पॉट असला की स्पॉट ८८ धरला काय आणि ८८.१० धरला काय, शेवटी तुम्हाला फरक पडत नाही, तो दोन्हीकडून कटतो. फरक पडतो तो प्रीमियम आणि मार्जिनने, आणि भाव करायचा तो त्याचाच. दोन्ही बाजूंना ५-५ पैसे घेतात ते मिळून २० हजार रुपये होतात, बरेच जण बोलले की एकाच बाजूला लावून घेतात. बोलायला काय जातंय.

आणि कॅन्सलेशन कार्ड रेटने होत नाहीये ना ते बघा. कार्ड रेट म्हणजे ब्रँचमध्ये सकाळी बोर्डावर लागतो तो, छोट्या रकमांसाठीचा. त्यात बँकेने स्वतःला भरपूर जागा ठेवलेली असते. बाजार ८८ असताना तुमचं कॅन्सलेशन ८८.६० ने बसलं तर ३ लाख १० च्या जागी ४ लाख २० हजार जातील, म्हणजे १ लाख १० हजार नुसते विचारलं नाही म्हणून. डीलिंग रूमकडून लाइव्ह रेट घ्या, त्याच वेळी समोर बाजारभाव उघडून ठेवा. सीसीआयएलचा एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्म आहे २०१९ पासून, तिथे रजिस्टर असाल तर निदान खरा भाव काय चाललाय ते कळतं आणि बँकेशी बोलताना आवाज बदलतो.

कधी करायचं हेही महत्त्वाचं. स्पॉटची सेटलमेंट दोन वर्किंग डेजनी होते. म्हणून ३० जूनच्या काँट्रॅक्टचा रोलओव्हर दोन वर्किंग डे आधी केलात तर जूनचा लेग सरळ स्पॉटवर बसतो. मॅच्युरिटीच्या दिवशीच केलात तर तो कॅश रेटवर जातो, म्हणजे आजचं आज सेटल, आणि कॅश ते स्पॉट या दोन दिवसांचा फरक वेगळा धरला जातो. एरवी तो किरकोळ असतो पण महिनाअखेरीला आणि विशेष करून ३१ मार्चच्या आसपास तो वेडावाकडा उडू शकतो. फॉरवर्डची तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवशी ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, त्याचं एक कारण म्हणजे बुक करताना ते डोक्याला सोपं पडतं, दुसरं काही नाही.

आणि काहीच न करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मॅच्युरिटीपर्यंत तुमच्याकडून काही इन्स्ट्रक्शन आली नाही तर फेडाय या परकीय चलन डीलर्सच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे तीन वर्किंग डेज झाले की बँक काँट्रॅक्ट स्वतःहून कॅन्सल करते. यातली गंमत अशी की तोटा निघाला तर तो तुमचा, पण फायदा निघाला तर तो तुम्हाला मिळत नाही, कारण चूक तुमची धरली जाते. म्हणजे डॉलर ८५ वर असता आणि तुम्ही बायरच्या मेलची वाट बघत गप्प बसला असता, तर ते २ लाख ९० हजार गेले असते. मेल नाही आला तरी इन्स्ट्रक्शन द्या, महिनाभराचा रोलओव्हर करा, पण लेखी द्या आणि मॅच्युरिटीच्या आधी द्या.

किती दिवस पुढे ढकलायचं? बायर सप्टेंबर एंड म्हणतोय, पण जो एकदा तीन महिने लांबला त्याच्या तारखेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, तुम्ही त्याला ओळखता. ३० सप्टेंबरची फिक्स तारीख घेतली आणि पैसे १२ सप्टेंबरला आले तर अर्ली डिलिव्हरी होते, त्यात १८ दिवसांचं प्रीमियम परत द्यावं लागतं, फार नाही, आठ-नऊ पैसे. पैसे १० ऑक्टोबरला आले तर परत एक रोलओव्हर, परत मार्जिन, परत डेबिट. मधला मार्ग म्हणजे विंडो घ्यायची, १ ते ३० सप्टेंबरमध्ये कधीही डिलिव्हरी. पण विंडोत बँक एक्सपोर्टरला प्रीमियम विंडोच्या पहिल्या दिवसापर्यंतचंच देते, म्हणजे ४५ ऐवजी साधारण ३० पैसे. १५ पैसे, म्हणजे ३० हजार रुपये, ही तारखेच्या अनिश्चिततेची किंमत झाली. बायर मोठी कंपनी असेल आणि त्यांच्या पेमेंट रनच्या तारखा ठरलेल्या असतील तर ती देऊ नये. मालक स्वतः चेकवर सही करणारा छोटा डिस्ट्रिब्युटर असेल तर मी विंडो घेईन.

थोडे पैसे आले तर? समजा २८ जूनपर्यंत ६० हजार डॉलर आले. तेवढे ८६.५० ने काँट्रॅक्टवर डिलिव्हर करा आणि फक्त १ लाख ४० हजाराचा रोलओव्हर करा, डेबिट ३ लाख १० वरून २ लाख १७ हजारावर येतं. इथे एक मोह होतो बघा, की आलेले ६० हजार आत्ता बाजारात ८८ ने विकू आणि काँट्रॅक्ट सगळाच्या सगळा रोल करू. डिलिव्हर केलं तर त्या ६० हजारावर काही भरावं लागत नाही. ते विकून काँट्रॅक्ट रोल केला तर ८८ मिळतात आणि १.५५ भरावे लागतात, म्हणजे हातात ८६.४५, वर त्या ६० हजारापुरता जास्तीचा काँट्रॅक्ट सप्टेंबरपर्यंत डोक्यावर, ज्याच्यामागे बायरचे पैसेच नाहीत. करू नका.

इथूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ऑर्डर कॅन्सल झाली तर.

तेव्हा चित्र पूर्ण बदलतं. रोलओव्हरमध्ये ३ लाख १० हजार पुढे भरून निघतात कारण सप्टेंबरमध्ये डॉलर येणार आहेत आणि ते महाग डॉलर येणार आहेत. ऑर्डरच गेली तर डॉलर येणारच नाहीत, मग ३ लाख १० हजार हा खराखुरा तोटा. आणि ज्या दिवशी ऑर्डर गेली त्या दिवसापासून तुम्ही हेज केलेले एक्सपोर्टर राहिला नाहीत, तुम्ही नसलेले डॉलर विकून बसलेला माणूस आहात. डॉलर एक पैसा वर गेला की २ हजार रुपये गेले, दहा पैसे गेला की २० हजार. त्यामुळे ऑर्डर एप्रिलमध्ये कॅन्सल झाल्याचं कळलं असेल तर ३० जूनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ३० जूनच्या फॉरवर्ड रेटने कॅन्सल करता येतं. लोक थांबतात, म्हणतात खाली आला की करू. रिझर्व्ह बँकेचे हेजिंगचे डायरेक्शन्स, जे सप्टेंबर २०२० पासून नव्या रूपात आले, तेही हेच म्हणतात की एक्सपोजर संपलं किंवा कमी झालं तर हेज त्याप्रमाणे कमी करा, नाहीतर तो दुसऱ्या हेज न केलेल्या एक्सपोजरला लावा.

हा शेवटचा भाग नीट वाचा कारण बँकवाले तो आपणहून सांगत नाहीत. दुसऱ्या एक्सपोजरला लावा. तुमच्याकडे तो एकच बायर नसणार. समजा दुसऱ्या एका बायरचं १ लाख २० हजार डॉलरचं इन्व्हॉइस १५ जुलैला ड्यू आहे आणि त्यावर काहीच हेज नाही. मग १ लाख २० हजाराचा काँट्रॅक्ट कॅन्सल करायचं कारण नाही, बँकेला पत्र द्या, नवं इन्व्हॉइस जोडा, तो काँट्रॅक्ट या इन्व्हॉइसला असाइन करा आणि १५ जुलैपर्यंत रोल करा. उरलेल्या ८० हजाराचाच खरा कॅन्सल, तोटा १ लाख २४ हजार. रोल केलेल्या भागावर १ लाख ८६ हजारांचं डेबिट ३० जूनला येईलच, पण पंधरा दिवसांत ते महाग डॉलरमधून परत येईल. ईईएफसी, म्हणजे एक्सपोर्टरच्या परकीय चलनाच्या खात्यात डॉलर पडले असतील तर तेही काँट्रॅक्टवर देता येतात का ते विचारा, मग तेवढ्यापुरता रोलही नको आणि डेबिटही नको.

एक प्रामाणिक गोष्ट सांगतो, असाइन केल्याने तोटा जादूने नाहीसा होत नाही. दुसऱ्या बायरचे १ लाख २० हजार डॉलर तुम्ही नाहीतर ८८ च्या आसपास विकले असते, आता ते साडेशहाऐंशीच्या आसपास जाणार. फरक तोच. पण ते डॉलर उद्या ८५ झाले तर? ते तसेही उघडेच होते. म्हणजे असाइन करून तुम्ही तेवढ्या भागाचा कॅशचा खड्डा पंधरा दिवसांपुरता करता आणि उघडं एक्सपोजर झाकता, एवढंच, आणि एवढं पुरेसं असतं.

माल आधीच गेला असेल आणि बायरने घ्यायला नकार दिला असेल तर घाईत सगळा काँट्रॅक्ट कॅन्सल करू नका. माल तिकडच्या वेअरहाऊसला पडलाय, दुसरा कोणीतरी तो दीड लाखाला घेईल. मग ५० हजार कॅन्सल, दीड लाख रोल. फक्त दुसऱ्या बायरचा कन्फर्म मेल हातात पाहिजे, “बघतो म्हणालाय” यावर रोल करायचा नाही. आणि ईसीजीसीची एक्सपोर्ट विम्याची पॉलिसी असेल तर एक लक्षात घ्या, क्लेम मंजूर झाला तरी तो रुपयात मिळतो. त्या पैशाने काँट्रॅक्टवर डॉलर देता येत नाहीत. क्लेमच्या भरवशावर फॉरवर्ड रोल करत राहणं म्हणजे कधीच न येणाऱ्या डॉलरची वाट बघणं.

कॅन्सल करून फायदा निघत असेल तर तो मिळतो का, हे तुम्ही काँट्रॅक्ट कशाच्या आधारावर बुक केला होता त्यावर आहे. इन्व्हॉइस किंवा पीओ देऊन बुक केला असेल तर ते काँट्रॅक्टेड एक्सपोजर, नेट गेन मिळतो. पण बऱ्याच एमएसएमईंनी मागच्या वर्षांच्या टर्नओव्हरवर किंवा पुढच्या अंदाजावर बुक केलेलं असतं, ते अँटिसिपेटेड एक्सपोजर, त्यातला गेन अंदाज केलेले डॉलर प्रत्यक्ष आल्यावरच बँक सोडते. थोडे आले तर त्या प्रमाणात. ऑर्डरच गेली आणि डॉलर कधीच आले नाहीत तर गेनही नाही. लॉस मात्र दोन्हीकडे भरावा लागतो. डील स्लिप काढून बघा त्यावर काय लिहिलंय, आणि पीओ आलेला असेल तर बुक करताना तोच द्या, आळस करू नका.

आता सगळ्यात मोठा मोह. ३ लाख १० हजार भरून टाकू आणि रीबुक नको करायला, डॉलर वरच चाललाय, सप्टेंबरला ९० होईल, सगळं वसूल. होईलही. ९० झाला तर तुम्हाला निव्वळ ८८.४५ पडेल. पण डॉलर परत ८६.५० ला आला तर? तेव्हा १ कोटी ७३ लाख येतील, त्यातून ३ लाख १० आधीच गेलेले, हातात ८४.९५. डिसेंबरमध्ये तुम्ही कॉस्टिंग ८६.५० धरून केलं होतं, आणि कास्टिंगच्या धंद्यात दीड रुपयाचं मार्जिन किती जणांना परवडतं ते मला कोल्हापूरकरांना सांगायला नको. कॅन्सल करून रीबुक न करणं म्हणजे महागात विकत घेऊन उघडं बसणं. ज्याला हेच करायचं होतं त्याने डिसेंबरमध्ये फॉरवर्ड घ्यायचाच नव्हता.

आणि रीबुक नंतर करू असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १५ डिसेंबर २०११ ला, रुपया पडत असताना, रिझर्व्ह बँकेने एका सर्क्युलरने कॅन्सल केलेला फॉरवर्ड परत बुक करायची सवलत तडकाफडकी काढून घेतली. पुढे एक्सपोर्टरना ती थोडी थोडी परत मिळाली, पण ज्यांनी आदल्या दिवशी कॅन्सल करून “खाली आला की घेऊ” म्हटलं होतं ते अडकले. रुपयावर ताण आला की पहिली कात्री कॅन्सल-रीबुकवर चालते, त्यामुळे दोन्ही लेग एकाच वेळी करायचं हे आणखी एक कारण, आणि करण्याआधी त्या दिवशीचा नियम काय आहे ते डीलरला विचारून घ्यायचं.

कागदपत्रं फार लागत नाहीत. बायरचा उशिराचा मेल ज्यात इन्व्हॉइस नंबर आणि नवी तारीख आहे, तुमचं रोलओव्हरचं रिक्वेस्ट लेटर जुन्या काँट्रॅक्टचा नंबर घालून, असाइन करत असाल तर नवं इन्व्हॉइस आणि ते दुसऱ्या कुठल्या बँकेत हेज केलेलं नाही असं डिक्लेरेशन. हे शेवटचं खरं द्या, एकाच इन्व्हॉइसवर दोन बँकांत फॉरवर्ड निघाले की उत्तरं देणं अवघड जातं. आणि फॉरवर्ड रोल झाला म्हणजे एक्सपोर्ट बिलाची मुदत वाढली असं नाही, ती ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या एक्सपोर्ट बिलांच्या सिस्टीममध्ये वेगळी चालते, ते दोन अर्ज वेगळे.

सीएला एवढंच सांगून ठेवा की एएस ११ प्रमाणे कॅन्सलेशन किंवा रिन्यूअलचा नफा-तोटा त्याच पिरियडच्या पीअँडएलला जातो. तुमचा जून ते सप्टेंबर एकाच आर्थिक वर्षात आहे म्हणून बरं. हाच रोलओव्हर मार्चमध्ये झाला असता तर ३ लाख १० हजाराचा तोटा एका वर्षात आणि महाग डॉलरचं उत्पन्न पुढच्या वर्षात दिसलं असतं, आणि बँकेचा क्रेडिट ऑफिसर नेमका तोच ताळेबंद घेऊन बसला असता. इन्कम टॅक्सवाले कधी कधी कॅन्सल झालेल्या फॉरवर्डचा तोटा सट्ट्याचा म्हणून काढतात, त्यावर मुंबई हायकोर्टाचा कापूस एक्सपोर्टरच्या केसमधला निकाल आहे, बद्रिदास गौरिदू, २००३ चा, की मूळ धंद्याला जोडलेला फॉरवर्ड हा धंद्याचाच भाग. पण त्यासाठी कुठला काँट्रॅक्ट कुठल्या इन्व्हॉइससाठी होता हे कागदावर दिसलं पाहिजे.

तुमच्या केसमध्ये बायर चालू आहे, माल पोचलाय, तक्रार नाही, फक्त पैसे लांबलेत, असं असेल तर मी ३० जूनच्या दोन वर्किंग डे आधी एकाच स्पॉटवर स्वॅप करून सप्टेंबरला रोल करेन आणि त्याआधी ब्रँचकडून ३ लाख १० हजारासाठी लिमिटमध्ये जागा करून घेईन. बायरशी बोलताना मात्र त्याला हे व्याज आणि मार्जिन सांगा, इन्व्हॉइसवर ओव्हरड्यू इंटरेस्टचं कलम असेल तर लावा, नसेल तर पुढच्या पीओत घाला. उशीर त्याने केलाय.